खरेदीची रेघ

बाजार उघडायच्या आधीच काकांचा फोन आला. "अगं, आज अजून दोनशे उचल. ॲव्हरेज करून टाकू." डीलिंग डेस्कवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं. तेही आलंच, "थोडा वर आला की आपण सुटलो."

त्यांनी 200 शेअर 500 च्या भावाने घेतले होते आणि आता भाव 421 होता. काका ऑफिसातच येऊन बसले, म्हणून मी त्यांच्या समोर चार्ट उघडला. आधी तपासलं, की मध्ये बोनस किंवा स्प्लिट झालाय का. तसं असेल तर शेअरची संख्या वाढते, भाव नुसता कागदावर खाली दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. तसं काही नव्हतं. निर्देशांकही त्या काळात जागच्या जागी होता, म्हणजे ही पडझड या शेअरची स्वतःची होती.

आमच्या स्क्रीनवर आपल्या खरेदीच्या भावावर एक आडवी रेघ येते. काकांची नजर त्या 500 च्या रेघेवरून हलतच नव्हती. रेघ आणि भाव यांच्यातलं अंतर म्हणजे भाव 'स्वस्त' झाला, असं त्यांना वाटत होतं. मी ती रेघ काढून टाकली. "काका, तुम्ही कितीला घेतलेत हे या चार्टला माहीत नाही. आता नुसता भाव बघा."

रेघ गेल्यावर उतरण दिसायला लागली. वरची टोकं 538, मग 505, मग 470. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा बुटकी. खाली 430 ला भाव दोनदा टेकून परत फिरला होता. तिसऱ्यांदा मात्र ती पातळी तुटली, आणि त्या दिवशीचा व्हॉल्यूम, म्हणजे हात बदललेल्या शेअरची संख्या, वीस दिवसांच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट होता. भाव 402 पर्यंत गेला आणि तिथून सहा दिवस हळूहळू वर सरकत 421 ला आला. काकांना ही सुरुवात वाटत होती. मला त्या सहा दिवसांचे व्हॉल्यूमचे खांब दिसत होते, दिवसागणिक खुजे होत गेलेले. विकणारे थोडे थांबले होते, घेणारे आले नव्हते. शिवाय वर 430 उभाच होता. तिथे अडकलेली माणसं 'निदान एवढं तरी मिळालं' म्हणून विकायला बसलेली असतात, त्यामुळे तुटलेला आधार बहुतेकदा छप्पर होतो.

मग आकडे मांडले. अजून 200 घेतले की सरासरी 460.50 होते, कानाला बरं वाटतं. पण शेअर 400 होतात. इथून पुढे भाव दहाने पडला तर तोटा दोन हजारांऐवजी चार हजारांनी वाढतो. सरासरी उतरते, तोटा उतरत नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी विकलं आणि उद्याच वर गेला तर?" प्रश्न खरा आहे. चार्ट हमी देत नाही. 430 च्या वर दमदार बंद मिळाला असता तर माझं म्हणणं चुकलं असतं. मला वाटत होतं सगळे विकावेत, पण पैसे त्यांचे. त्यांनी 100 विकले आणि उरलेल्यांसाठी ठरवलं, की 400 च्या खाली बंद झाला तर दुसऱ्या सकाळी बाहेर. हे मी त्यांच्यासमोर कागदावर लिहून घेतलं, कारण तो दिवस आला की माणूस आणखी एक दिवस मागतो.

आठवड्याभरात भाव 394 ला बंद झाला. दुसऱ्या सकाळी भाव त्याहूनही खाली उघडला आणि उरलेले 389 ला गेले. एकूण तोटा 19,000. काकांचा आवाज पडला होता, मलाही वाईट वाटलं. पण ॲव्हरेज केलं असतं, तर त्याच भावाला तो 28,600 दिसला असता, आणि पुढे भाव 332 पर्यंत घसरला तेव्हा 51,400.

त्यानंतर मी तो शेअर नजरेआड केला नाही. चारेक महिने तो 332 ते 365 मध्येच घुटमळला. पडायचा थांबला, खालची टोकं एकेक करून वर सरकू लागली, आणि एक दिवस मोठ्या व्हॉल्यूमवर 365 च्या वर बंद झाला. त्या संध्याकाळी फोन काकांनीच केला.

"अगं, ती माझी जुनी रेघ लावू नकोस," ते म्हणाले. "आज नव्याने बघितलं तर घ्यावासा वाटतोय. चुकलं तर बाहेर कितीला पडायचं, ते आधी सांग."

दुसऱ्या दिवशी 372 ला 100 घेतले, स्टॉप 344.