एका पानाला किती पैसे? ओरिजिनल, कम्पॅटिबल आणि रिफिलचा माझा हिशोब

नागपुरात कॉलेजजवळच्या आमच्या झेरॉक्स काउंटरवर कॅनन एलबीपी 2900 हा प्रिंटर दिवसभर चालतो. त्यात 303 कार्ट्रिज लागते. कंपनी 2000 पाने सांगते, पण ती पानाच्या 5 टक्के भागावर शाई पडते असे धरून. आमच्याकडे येतात स्कॅन केलेल्या नोट्स. त्यांच्या करड्या पार्श्वभूमीलाही शाईची पावडर लागते. म्हणून कार्ट्रिज बसवताना त्यावर मार्करने तारीख लिहिली आणि संपेपर्यंत किती रिम कागद गेला ते मोजले.

ओरिजिनल सुमारे 5000 रुपयांना पडले, पाने निघाली 1400. म्हणजे पानाला साडेतीन रुपयांच्या वर. प्रिंटचे आम्ही 2 रुपये घेतो, तेव्हा हा पर्याय तिथेच संपला. 500 रुपयांच्या कम्पॅटिबलने, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या तशाच कार्ट्रिजने, 1200 पाने दिली, म्हणजे पानाला साधारण 42 पैसे.

रिफिलला 200 रुपये लागले आणि तेवढीच 1200 पाने निघाली. पानाला 17 पैसे दिसतात, पण हा आकडा अर्धवट आहे. कार्ट्रिजमधला ड्रम, म्हणजे पानावर छाप उमटवणारा रोलर, पावडरीबरोबर नवा होत नाही. आमच्याकडे तिसऱ्या रिफिलनंतर ड्रम आणि तो पुसणारे वायपर ब्लेड बदलावे लागतात, त्याचे 200 रुपये. तीन रिफिलचे 600 धरून 800 झाले. त्या 3600 पानांत शंभरेक खराब निघाली. कागद 60 पैशांचा, म्हणजे आणखी 60 रुपये गेले. 860 रुपयांत विकण्याजोगी 3500 पाने, म्हणून खरा खर्च पानाला सुमारे 25 पैसे. तरीही कम्पॅटिबलपेक्षा बराच कमी.

ड्रम गेला हे पानावरच कळते. तोच डाग साधारण साडेसात सेंटिमीटरवर पुन्हा पुन्हा उमटतो, कारण ड्रमचा एक फेरा तेवढ्याच लांबीचा असतो. पट्टी लावून बघा. अंतर जुळले तर पावडर बदलून काही होणार नाही. पानावर काळे फराटे आले आणि कार्ट्रिजखाली पावडर सांडलेली दिसली, तर बहुतेक वेळा वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा भरलेला असतो. घाईत भरणारे नुसते बूच काढून पावडर ओततात आणि तो कप्पा उघडतच नाहीत. म्हणून मी रिफिल समोर बसून करून घेतो. जुनी पावडर बाहेर पडलेली दिसल्याशिवाय पैसे देत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक घोळ होतो. कूलरची ओली हवा उघड्या रिमला लागली की कागद दमट होतो, प्रिंट फिकी येते आणि लोक कार्ट्रिजला दोष देतात. आधी बंद रिम फोडून एक पान काढून पाहावे.

रिफिलसाठी कार्ट्रिजचे खोके ओरिजिनलचे असेल तर उत्तम, त्याचे सांधे घट्ट बसतात. आम्ही अशी दोन खोकी आलटून पालटून भरतो आणि परीक्षेच्या दिवसांत एक कम्पॅटिबल सील न काढता ठेवतो, कारण गर्दीत भरणाऱ्याची वाट पाहता येत नाही.