रोज नाही, पण ताप आला तर हो

साताऱ्याचं माणूस साताऱ्यातल्याच नातेवाइकांकडे कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आलं, की काहीतरी मागणं आहे असं खुशाल समजावं. एरवी कंदी पेढे आपण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना बांधून देतो, एकमेकांच्या घरी नेत नाही. त्यामुळे पुतण्या आणि सूनबाई रविवारी शाहूपुरीहून पुडा घेऊन आले, तेव्हा चहा ठेवतानाच मला अंदाज आला.

सूनबाई कऱ्हाडच्या एका बँकेत आहे. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा कधीच संपली, मग साठवलेली रजा संपली, मग तिची आई येऊन राहिली. आता आईला परत जायचं होतं आणि लेक चौदा महिन्यांचा. "काकू, तुम्ही आता रिटायर झालात, घरीच असता. सकाळी नऊला सोडू, सहाला नेऊ. खिमटी करून आणू, तुम्हाला काही करायला लागणार नाही."

काही करायला लागणार नाही! चौदा महिन्यांचं पोर म्हणजे नुकते पाय फुटलेलं. ते पंचेचाळीस मिनिटं झोपतं, आणि तेवढ्यात आपण कुकर लावायचा. बाकीचा वेळ ते खाली पडलेला शेंगदाणा शोधत असतं, आणि आपण त्याच्या आधी तो शोधत असतो. शेंगदाणा, फुटाणा घशात अडकतो, म्हणून घरातले डबे वरच्या फळीवर जातात. बाथरूममधली पाण्याची बादली रिकामी करून ठेवावी लागते, कारण वाकून बघता बघता पोर डोक्यावर आत गेलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि त्याला वीतभर पाणीही पुरतं. हे एखाद्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून करीन. रोज नऊ तास मला ते जमणार नाही. शिवाय सहा म्हणजे सहा नव्हेच. कऱ्हाडहून सुटलेली एसटी हायवेवर अडकली की सातही वाजणार, त्यात तिचा काय दोष?

माझ्या एका जाऊबाईंनी अशाच प्रसंगी "गुडघे दुखतात" असं सांगितलं होतं. गुडघे खरोखरच दुखत होते. पण लेकीने लगेच मूल उचलायला एक पोरगी ठेवून दिली. झालं, आता जाऊबाई मूलही बघतात आणि पोरगी मोबाइल बघते का तेही बघतात. सबब सांगितली की समोरचा तिच्यावर तोडगा काढतो, आणि तोडगा काढल्यावर तुम्हाला तोंड उरत नाही.

म्हणून मी गुडघे मध्ये आणले नाहीत. म्हटलं, "रोजचं मी घेणार नाही. नोकरी संपल्यावर सकाळचा किल्ला, दुपारची झोप आणि संध्याकाळचं भजन एवढं मला हवंय. आणि हे आजच सांगते, कारण मी आठवडाभर विचार करत बसले तर तुम्ही पाळणाघर बघायचं थांबवाल." पुतण्याचा चेहरा उतरला. सूनबाई मात्र लगेच म्हणाली, "बरं झालं काकू, स्पष्ट सांगितलंत." मनातून म्हणाली की नाही, देव जाणे.

मग पेढ्याचा एक तुकडा मोडत मी विचारलं, पाळणाघर लावलं तर तुमचं कुठे अडेल? हा प्रश्न माझ्या मते नकारापेक्षा महत्त्वाचा. अडचण दोन ठिकाणी निघाली. ताप, जुलाब, डोळे आलेलं पोर पाळणाघरवाल्या ताई घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दुसरं म्हणजे पाळणाघर शनिवारी दुपारी एकला बंद होतं. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, पण बाकीचे शनिवार पूर्ण दिवस, आणि पुतण्याला एमआयडीसीत शनिवारची पाळी चुकत नाही.

शनिवार मी घेतले नाहीत. एकदा घेतला की तो दर शनिवारचा होणार, हे दिसतच होतं. त्यासाठी त्याने पाळी बदलून घ्यावी किंवा ताईंना जादा पैसे द्यावेत. तापाचे दिवस मात्र मी घेतले, आणि त्याचं गणितही तिथेच ठरवलं. रात्री फोन करायचा, मी गावात असेन तर येईन. मी तुमच्या घरी येणार, कारण त्याची गादी, औषध, खेळणी तिथेच आहेत. दुपारी तीनपर्यंत मी थांबणार, पुढे तुमच्यापैकी एकाने अर्धी रजा टाकायची. औषध किती मिली आणि किती वाजता हे डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावरून फ्रिजवर लावून ठेवायचं, तोंडी सांगायचं नाही. ताप चढला तर मी कोणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर.

पोर पाळणाघरात गेल्यावर पहिले काही आठवडे सतत सर्दी, सतत फोन. एका तापाच्या दिवशी तो माझ्या मांडीवरून उठायलाच तयार नव्हता, आणि तीन वाजून गेले तरी मीही उठवलं नाही. पुतण्या आला तेव्हा घड्याळाकडे बघून ओशाळला. त्याला म्हटलं, आजचं आज, पुढच्या वेळी तीनच.

त्याची आई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गावाहून फोन करतात तेव्हा अजून "तुमचं बाई बरं आहे" एवढंच म्हणतात. मी "हो, बरं आहे" म्हणते आणि पावसाचं विचारते.