भांडणानंतरची दहा मिनिटं

"मॅडम, तुम्ही सांगता की चिंपांझी भांडतात आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडतात, अंगावरचे केस निवडत बसतात. म्हणजे ते माफी मागतात का हो? की आपल्यालाच तसं वाटतं?"

माझ्या व्याख्यानानंतर कुणी ना कुणी हे विचारतंच. बहुधा एखादी आजी असते, जिच्या घरी दोन नातवंडं आहेत आणि दिवसातून चार वेळा कट्टी-बट्टी चालते. अलीकडे तो व्हिडिओ पाहिलेले लोकही विचारतात. 'मामा' नावाची म्हातारी चिंपांझी मरणाच्या दारात पडली आहे, कित्येक वर्षांचा ओळखीचा शास्त्रज्ञ भेटायला येतो, आणि ती चेहरा फुलवून त्याच्या मानेभोवती हात टाकते. नेदरलँडमधल्या आर्नेम शहरातल्या बर्गर्स प्राणिसंग्रहालयात 2016 साली ती गेली, 59 वर्षांची होऊन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच वसाहतीत सापडतं.

1971 मध्ये तिथे चिंपांझींची मोठी वसाहत उभारली गेली. उन्हाळ्यात बेटासारख्या मोकळ्या जागेत, थंडीत एका मोठ्या दालनात. 1975 मध्ये फ्रान्स डी वाल हा तरुण संशोधक तिथे आला. त्या हिवाळ्यातल्या एका दिवशी दालनात गोंधळ झाला. टोळीतल्या वरचढ नराने एका मादीवर झडप घातली, इतर तिच्या मदतीला धावले, किंचाळ्या आणि पळापळ. मग सगळं शांत झालं, आणि थोड्या वेळाने अचानक साऱ्या टोळीने एकदम आरोळ्या ठोकायला सुरुवात केली. त्या गदारोळाच्या मधोमध दोन चिंपांझी एकमेकांना मिठी मारून मुके घेत होते. डी वालना त्या क्षणी काहीच उलगडलं नाही. नंतर विचार करताना लक्षात आलं, की मिठीतले दोघे तेच होते, मारणारा आणि मार खाणारी.

एका प्रसंगावरून शास्त्र होत नाही, आणि इथेच मला माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मी सिंहगडावर वही घेऊन माकडं बघत बसायची. दोन माकडं भांडली आणि पाच मिनिटांत शेजारी बसली, की मी लगेच 'समेट' असं लिहून टाकायची. चार-पाच रविवारांनंतर कळलं, की ती दोघं शेंगदाणेवाल्याच्या टोपलीजवळ भांडण नसतानाही शेजारीच बसतात. माझ्या सगळ्या नोंदी वाया गेल्या.

यावर संशोधकांनी काढलेला तोडगा अगदी साधा आहे. भांडण झालं की त्यातल्या एका प्राण्याकडे दहा मिनिटं किंवा अर्धा तास नजर ठेवायची आणि तो कुणाजवळ कधी गेला ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, भांडण नसताना, त्याच प्राण्याकडे तेवढाच वेळ पुन्हा बघायचं. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. भांडणाच्या दिवशी ते दोघे नेहमीपेक्षा लवकर एकमेकांजवळ आले, तरच त्याला समेट म्हणायचं. अशी गणती केली तरी चिंपांझींचा समेट टिकून राहतो. भांडण झाल्यावर त्यांची पावलं एकमेकांपासून लांब जात नाहीत, उलट त्याच दिशेने ओढली जातात. आपली अटकळ मात्र नेमकी उलटी असते, की मार खाल्लेला प्राणी मारणाऱ्याला टाळणार. आर्नेममध्ये साधारण दहापैकी चार भांडणांनंतर अर्ध्या तासात दोघे एकत्र आले. उरलेली सहा तशीच राहिली, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोक चिंपांझींना साधुसंत करून टाकतात. रानातल्या टोळ्यांत तर समेटाचं प्रमाण याहून कमीच दिसतं. तिथे रागावलेल्याला लांब निघून जायला जागा असते.

समेटाची सुरुवात बहुतेक वेळा हाताने होते. एक जण तळहात वर करून हात पुढे करतो, अन्न मागताना करतात तसाच. त्याआधी नजर. भांडणानंतर दोघे समोरासमोर बसतात, पण आकाशाकडे, गवताकडे, स्वतःच्या नखांकडे बघतात. नजरानजर होत नाही तोवर कुणी हलत नाही. ती झाली की मग जवळ येणं, तोंडावर तोंड टेकणं, आणि शेवटी निवांत केस निवडणं. मिठीबद्दल एक बारकावा आर्नेमच्या पहिल्या अभ्यासातच, 1979 मध्ये, छापून आला होता. भांडणारे दोघे एकत्र येतात तेव्हा मुका जास्त दिसतो. मिठी जास्त दिसते ती तिसऱ्याची, म्हणजे भांडणात नसलेला कुणी येऊन मार खाल्लेल्याला कवेत घेतो तेव्हा. तुमच्या प्रश्नातल्या 'गळ्यात पडतात'मध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि तो दोष माझा, कारण व्याख्यानात मीही घाईत दोन्ही एकदम सांगून टाकते.

केस निवडणं हा या सगळ्याचा सावकाश भाग. एक जण बोटांनी केस बाजूला करतो, कातडीवरचा कोंडा, उवा, खपल्या टिपतो, आणि टिपताना ओठांनी 'चप चप' असा आवाज करतो. ज्याचे केस निवडले जातात तो डोळे अर्धवट मिटून सैलावतो. यात साफसफाई होतेच, पण वेळही जातो, आणि भांडणानंतर तो वेळच हवा असतो. दात आणि हात इतके जवळ असताना दहा मिनिटं कुणी चावलं नाही, याहून चांगली खात्री दुसरी कुठली?

आत काय चालतं हे विचारता येत नाही, म्हणून संशोधक खाजवणं मोजतात. अस्वस्थ माकड स्वतःला फार खाजवतं, परीक्षेच्या हॉलमधल्या मुलासारखं. लांब शेपटीच्या माकडांवर फिलिप्पो ऑरेली यांनी केलेल्या नोंदींत, भांडणानंतर मार खाल्लेल्याचं खाजवणं वाढतं आणि समेट झाला की उतरून नेहमीच्या पातळीवर येतं. मारणारासुद्धा खाजवतो. म्हणजे जिंकलेल्यालाही चैन नसतं. तिसऱ्याच्या मिठीचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. इंग्लंडमधल्या चेस्टरच्या चिंपांझींत तिने खाजवणं कमी होताना दिसलं, तर खुद्द आर्नेममध्येच एका अभ्यासात तसं दिसलं नाही. तेव्हा 'सांत्वन' हा शब्द मी आता जपून वापरते.

आता माफीकडे येते. मन दुखावल्याची जाणीव, चूक केल्याची कबुली, यातलं काही आपण पाहिलेलं नाही. पाहिलं आहे ते हे, की सगळ्यांशी सारखा समेट होत नाही. आर्नेमच्या नरांमध्ये जवळपास निम्म्या भांडणांनंतर समेट होई. माद्यांमध्ये पाचातल्या एकापेक्षाही कमी वेळा. कारण नर जास्त प्रेमळ होते असं नाही. सत्तेसाठी त्यांना एकमेकांची गरज होती. आज ज्याच्याशी झुंजलो, तोच उद्या तिसऱ्याविरुद्ध साथीला लागणार. माद्यांची जवळीक मोजक्या जणींशी होती. त्या जवळीकीत भांडणच कमी, आणि बाहेरच्या मादीशी अबोला राहिला तरी काही बिघडत नसे.

हा तर्क तपासायला एक झकास प्रयोग झाला आहे, चिंपांझींवर नव्हे, त्याच लांब शेपटीच्या माकडांवर. मरीना कॉर्ड्स आणि सिल्वी थुर्नहीर यांनी 1993 मध्ये तो प्रसिद्ध केला. माकडांच्या जोड्यांना शिकवलं, की दोघं शेजारी बसून एकाच वेळी खाल्लं तरच पॉपकॉर्न मिळेल. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्यातल्या भांडणांनंतर काय होतं ते मोजलं. शिकवल्यावर समेट सुमारे तिपटीने वाढले. माकडं तीच, त्यांचे स्वभाव तेच. फक्त शेजारचा आता उपयोगाचा झाला होता. हे सांगितलं की आजींचा चेहरा जरा पडतो. पण कामाच्या माणसाशी भांडण लवकर मिटवणं हे आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे? आणि उपयोग म्हणजे निव्वळ हिशेब नव्हे. वर्षानुवर्षं ज्याचे केस निवडले त्याच्याशी तुटेल ही धास्तीही त्यातच येते, आणि खाजवणाऱ्या हातात ती दिसते.

कधी दोघांना समेट हवा असतो, पण पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर घोडं अडतं. तिथे मामासारख्या वयस्कर माद्या उतरत. मादी एका नराजवळ जाई, थोडे केस निवडी, मग उठून सावकाश दुसऱ्याकडे चालू लागे. पहिला तिच्या पाठोपाठ, समोर न बघता. दुसऱ्याजवळ ती मध्ये बसे, दोघे दोन बाजूंनी तिचे केस निवडत. मग ती हळूच उठून निघून जाई, आणि दोघे बघतात तर समोर एकमेकांचाच हात. मादी नसली तर नर दुसरी युक्ती काढत. एक जण गवतात काहीतरी 'सापडल्यासारखं' करून आरोळी देई. सगळे धावत येत, वास घेत आणि कंटाळून पांगत. प्रतिस्पर्धी तेवढा तिथेच खाली वाकून बघत राही. डोकी जवळ आली की केस निवडणं सुरू. गवतात काय होतं, हे डी वालना अनेकदा कळलंच नाही.

हे नेहमी जमतं असं मात्र नाही. त्याच वसाहतीत येरून, लुइट आणि निक्की या तीन नरांची सत्तेची ओढाताण कित्येक वर्षं चालली होती, आणि समेटही तितकेच झाले होते. 1980 च्या उन्हाळ्यात येरून आणि निक्कीची युती फुटली आणि लुइट वर आला. सप्टेंबरमधल्या एका रात्री तिघेच एका पिंजऱ्यात होते; माद्या दुसरीकडे. सकाळी लुइट रक्तात पडलेला सापडला, चावे आणि जखमांनी भरलेला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तो वाचला नाही.