मॅन्युअल बिडिंग सोडताना: ४०० की ६००?

गुगल ॲड्समध्ये क्लिकची बोली स्वतः लावायची ते मॅन्युअल बिडिंग, आणि एका लीडमागे किती खर्च चालेल तो आकडा देऊन बोली सिस्टिमवर सोडायची ते टार्गेट सीपीए. एकावरून दुसऱ्यावर जायला सेटिंगमध्ये दोन मिनिटं लागतात. माझं डोकं उठलं ते टार्गेटचा आकडा किती टाकायचा या वादाने, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

बाणेरचं मॉड्युलर किचनचं शोरूम. मॅन्युअलवर क्लिक सरासरी २४ रुपयांना पडायचा आणि शंभर क्लिकमागे चार जण फॉर्म भरायचे, म्हणजे एक लीड ६०० रुपयांना. महिन्याला चाळीसेक लीड येत होत्या, तेव्हा बदलायला हरकत नव्हती. मालकांचा हट्ट मात्र एकच: "आता मशीनच बोली लावणार ना? मग ४०० टाका."

सिस्टिम दर लिलावात अंदाज बांधते, की हा क्लिक लीड होण्याची शक्यता किती. ढोबळमानाने त्या शक्यतेला टार्गेटने गुणलं की बोली येते. चार टक्के शक्यता आणि ४०० टार्गेट, म्हणजे बोली १६ रुपये. बाजारात भाव २४ चा! मग बहुतेक लिलावात जाहिरात दिसतच नाही. उरतात ते स्वस्त, किरकोळ सर्च. खर्च धाडकन उतरला, लीड आटल्या, आणि "जाहिरात बंद पडली का?" म्हणून त्यांचाच फोन.

६०० केल्यावर गाडी हलली. पण मग रोज सकाळी कालचा आकडा बघून "महाग पडतंय, कमी करा" सुरू झालं. किचनचं गिऱ्हाईक आज क्लिक करतं, घरी विचारतं आणि चार-पाच दिवसांनी फॉर्म भरतं. ती लीड नेहमीच्या रिपोर्टमध्ये क्लिकच्या तारखेवर चढते. त्यामुळे ताजे दिवस कायम महागच दिसणार. म्हणून टार्गेट काढताना शेवटचे सात दिवस सोडा आणि त्याआधीचे तीस धरा. पुढे खाली आणायचं तर एका वेळी दहाएक टक्के, म्हणजे ६०० चे ५४०. मग दोन आठवडे हात लावायचा नाही.

हो, आणि बदल करण्याआधी डिव्हाइसचं सेटिंग बघा. औंध-बाणेरसाठी बोलीत लावलेली २० टक्के वाढ टार्गेट सीपीएवर गेल्यावर धरलीच जात नाही. डिव्हाइसची मात्र धरली जाते, आणि ती टार्गेटच बदलते. मोबाइलला उणे २० टक्के राहिलं असेल, तर तिथे ६०० चे ४८० होतात आणि लीड का आटल्या हे कळत नाही.

महिन्याला पंधराही लीड नसतील तर खुशाल मॅन्युअलवर राहा. 'संपर्क' पान नुसतं उघडलं तरी लीड धरली जात असेल, तर ते कन्व्हर्जन आधी Primary मधून Secondary मध्ये टाका. नाहीतर सिस्टिम पान उघडणारीच माणसं स्वस्तात गोळा करते, रिपोर्टमध्ये टार्गेट झकास गाठलेलं दिसतं आणि शोरूममध्ये कुणी फिरकत नाही.