सात म्हणजे कुठले सात?

साताऱ्यात घराच्याच वरच्या मजल्यावर मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. नव्या बॅचची पोस्ट रात्री अकराला, डोळ्यांवर झोप असताना टाकली: ‘बोला फाडफाड इंग्लिश! आत्मविश्वास वाढवा! गृहिणी आणि नोकरी शोधणाऱ्यांसाठी. बॅच 7 ते 8. शनिवारी मोफत डेमो. फीसाठी मेसेज करा.’

शनिवारी सकाळी पावणेसातला बेल वाजली. दारात इस्त्रीचे शर्ट घातलेली दोन मुलं, हातात फाईल. ‘मॅडम, डेमो?’ माझ्या डोक्यात संध्याकाळचे सात होते, कॅप्शनमध्ये मात्र नुसतेच सात. चहा पाजून त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. त्यातला एकच परत आला.

संध्याकाळी नऊ जण जमले, त्यात गृहिणी फक्त दोघी. ओळख करून द्यायला सांगितली. एक मुलगा सुसाट सुटला, ‘मायसेल्फ, आय ॲम कम्प्लिटेड बीकॉम.’ चुकीचं होतं, पण धीट. त्याच्यानंतर एक ताई उठल्या, ‘आय ॲम ओन्ली हाऊसवाइफ’ म्हणाल्या आणि बसल्या. त्या पोरांना मुलाखतीची तयारी हवी होती, ताईंना मुलाच्या शाळेत बाईंशी बोलायचं होतं. दोघांना एकाच तासात बसवणं हीच माझी चूक. सव्वासातला ताई पर्स उचलून निघाल्या.

जिन्यात त्यांना गाठलं. ‘मॅडम, सातला आमच्याकडे पोळ्यांची वेळ. दुपारी ठेवा ना, मुलं चारला येतात. आणि फी का नाही लिहिली? घरी पहिला प्रश्न तोच असतो. लिहिली नाही म्हणजे महाग असणार, असं वाटतं.’

फी होती 2,500. लपवण्यासारखं काहीच नव्हतं, सगळे क्लासवाले तसंच लिहितात म्हणून मीही लिहिलं होतं.

रात्री कॅप्शन नव्याने लिहायला बसले. इन्स्टाग्रामवर पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. त्या जागेवर माझा ‘आत्मविश्वास’ बसला होता. आता कोणासाठी आणि कधी, हे वर घेतलं:

‘गृहिणींसाठी: दुपारी 2 ते 3, सोम ते शुक्र.
नोकरीच्या मुलाखतीसाठी: सकाळी 7 ते 8, सोम ते शुक्र.
दीड महिना. फी 2,500, दोन हप्त्यांत चालेल. बॅचमध्ये 12 जण.
डेमो शनिवारी, आपापल्या बॅचच्या वेळेला, 45 मिनिटं. प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला मिळेल. त्या दिवशी पैसे घेणार नाही.’

बाराचा आकडा हिशोबाने आला. तासातला अर्धा वेळ माझ्या शिकवण्यात जातो, उरलेल्या तीस मिनिटांत बारा जणांना अडीच-अडीच मिनिटं मिळतात. त्याहून जास्त माणसं घेतली तर लोक नुसते ऐकून घरी जातात. ‘30 दिवसांत फाडफाड’ मी लिहीत नाही, ते याच हिशोबामुळे. शेवटची ओळ मात्र भीतीपोटी घातली: मोफत डेमो म्हटलं की फॉर्म भरून घेतील, अशी लोकांना धास्ती असते.

पुढच्या शनिवारी दुपारी सात जणी आल्या. त्या ताई शेजारणीला घेऊन आल्या होत्या. त्याच सकाळी एक मेसेज आला होता: ‘मॅडम, दोन म्हणजे दुपारचेच ना?’