रक्तही नाही, घामही नाही

“सर, पाणघोड्याला खरंच रक्ताचा घाम येतो का? आणि तो दिवसभर पाण्यातच का बसतो?”

परभणीहून पोरांना घेऊन हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात गेलो, की परतीच्या गाडीत हे कोणीतरी विचारतंच. मागं एक पोरगी तर रडवेली झाली होती, “त्याला लागलंय, कुणी बघंना!” म्हणून.

लागलेलं नसतं. जखमेचं रक्त एका जागेवरून वाहतं. हा स्राव मात्र कातडीखालच्या ग्रंथींतून येतो आणि तोंडावर, पाठीवर चिकट थेंबांनी उमटतो. येतो तेव्हा त्याला पाण्यासारखाच रंग नसतो. काही मिनिटांत लाल होतो आणि पुढच्या काही तासांत तपकिरी पडतो. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी पाणघोड्याचं अंग चक्क गॉजनं पुसून तो गोळा केला आणि 2004 मध्ये त्यातली दोन रंगद्रव्यं ओळखली. एक लाल, एक नारिंगी. लालाचं नाव हिप्पोसुडोरिक अ‍ॅसिड. दोन्ही उन्हातले अतिनील किरण शोषून घेतात, म्हणजे कातडीपर्यंत ते कमी पोचतात. शिवाय लाल द्रव्य काही जिवाणूंची वाढ रोखतं. पाणघोडे आपसात दातांनी भांडतात आणि लोळतात ते शेणामुताच्या पाण्यात, तेव्हा हे त्यांच्या कामाचंच.

मग एवढं लेपन असताना पाण्यात कशाला बसायचं? कारण लेप उजेड अडवतो, कातडीतून निघून जाणारं पाणी अडवत नाही. पाणघोड्याची कातडी जाड खरी, पण तिचा सगळ्यात वरचा थर फार पातळ असतो, अंगावर केसही नावालाच. त्यातून पाणी झरझर उडून जातं. फार वेळ कोरड्या उन्हात राहिला तर कातडी सुकते, तडकते.

आपली म्हैस आठवा. तिलाही घामाच्या ग्रंथी कमीच, कातडी काळी, म्हणून वैशाखात दावं सुटलं की ती थेट डबक्याकडं पळते. पण म्हशीला डबकं नाही मिळालं तर आपण लिंबाच्या सावलीत बांधतो, अंगावर दोन बादल्या मारतो, भागतं. पाणघोड्याचं तेवढ्यावर भागत नाही, त्याला अंग बुडेल एवढं पाणी लागतं. अंग जड असल्यानं तो त्यात पोहत नाही, तळाला पाय टेकवत चालतो. डोळे, कान, नाकपुड्या डोक्यावर उंच असल्यानं तेवढ्याच वर ठेवून बाकी सगळा धूड बुडवून बसतो.

चरायला तो निघतो अंधार पडल्यावर. एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो आणि उजाडायच्या आत परत पाण्यात. आफ्रिकेतली नदी आटली, की सगळा कळप एकाच चिखलाच्या डबक्यात दाटीनं बसतो. तेव्हा पाठी उघड्या पडतात, आणि पाठीवरचा तो लाल लेप लांबूनही दिसतो.