आमची वाटचाल : सुखोईची लाइन आणि अंबडचा एक शेड

अंबड एमआयडीसीत आमचा शेड उभा राहिला तेव्हा आम्ही मोटारींच्या सुट्या भागांचं काम करायचो. विमानाच्या कामात आम्हाला अण्णांनी ओढलं. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातल्या टूलरूममधून ते निवृत्त झाले होते आणि मिग-21च्या काळापासून फिक्स्चर बनवण्यात त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी पैसे घातले नाहीत. घातली ती एक लाकडी पेटी: हाताने लॅप केलेले व्ही-ब्लॉक, डायल, स्लिप गेज. ती पेटी अजून सीएमएमच्या, म्हणजे मापं घेणाऱ्या कॉम्प्युटर मशीनच्या खोलीत आहे आणि नवीन पोराला आधी तीच हाताळायला देतो. सीएमएमचा रिपोर्ट नंतर वाचता येतो, डायलचा काटा का थरथरतो ते आधी कळायला हवं.

सुखोई-30 एमकेआयचं परवाना उत्पादन कसं चालायचं ते नाशिककरांना सांगायला नको. करार 2000चा, 140 विमानांचा. पुढे ऑर्डरी वाढून ओझरला बांधायच्या विमानांचा आकडा 222 झाला. टप्पे चार. सुरुवातीला जवळपास तयार विमान किटमध्ये यायचं आणि इथे जुळायचं, शेवटच्या टप्प्यात कच्च्या मालापासून भाग इथेच घडायचे. पेपरवाले या शेवटच्या टप्प्याला ‘संपूर्ण स्वदेशी’ म्हणायचे. आम्ही हसायचो, कारण त्यातला कच्चा मालही करारानुसार रशियातूनच यायचा: टायटॅनियमचे ठोकळे आणि फोर्जिंग, अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा, पार नट-बोल्टपर्यंत.

त्या काळी छापून आलेले आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. शेपटीचा एक भाग 15.9 किलोचा, तो 486 किलोच्या टायटॅनियमच्या बारमधून कोरायचा. पंखाचा एक ब्रॅकेट 3.1 किलोचा, त्याचं फोर्जिंग 27 किलोचं. म्हणजे पहिल्या भागात विकत घेतलेल्या दर तीस किलोंतला जेमतेम एक किलो आकाशात जातो, बाकीच्या चिप्स होतात. शिवाय असा माल फ्री इश्यूचा, म्हणजे गिऱ्हाइकानेच पुरवलेला असला तर भंगारसुद्धा वजन करून परत द्यायचं.

टायटॅनियमवर ज्याने कटर चालवला नाही त्याला हा खर्च कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमला वीस मिलिमीटरचा कार्बाइड एंडमिल पाच हजार आरपीएमला बिनधास्त फिरवा. टायटॅनियमला तोच कटर आठशेच्या आसपास, म्हणजे मिनिटाला पन्नास मीटरचा सर्फेस स्पीड. या धातूतून उष्णता वाहून जात नाही, ती कटरच्या धारेवरच बसते. कूलंट एक क्षण चुकला की पृष्ठभाग निळा पडतो, आणि निळा पडलेला भाग इन्स्पेक्टर बघतसुद्धा नाही, सरळ बाजूला ठेवतो. पातळ भिंत असली तर कटरखाली दबते आणि कटर पुढे गेला की परत उसळते, माप मशीनवर बरोबर आणि क्लॅम्प सोडल्यावर चूक. अण्णा मशीनला पाठ करून बसायचे आणि आवाज बदलला की ओरडायचे, ‘थांबव रे, टीप गेली!’

मग फोर्जिंग आकाराच्या जवळ का नाही मागवायचं? टायटॅनियम हैदराबादच्या मिधानीतही बनतं, ते का नाही वापरायचं? हाच प्रश्न मी तेव्हा एका मीटिंगमध्ये विचारला होता. उत्तर सरळ होतं: डिझाइनचा अधिकार रशियाच्या सुखोई कंपनीकडे. मालाचा ग्रेड बदलला, फोर्जिंगचा साचा बदलला, की धातूच्या आतल्या रेषांची दिशा बदलते, थकव्याच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात, आणि मंजुरी मॉस्कोतून. परवान्यात भाग बनवायची पद्धत मिळते. तो भाग असाच का, याचं गणित मिळत नाही. तुम्ही उत्तम कारागीर होता, पण एक भोक अर्धा मिलिमीटर सरकवायला तुमची सही चालत नाही.

मधली वर्षं काम आलं, पैसे आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते 2020 च्या आसपासचं. 222चा आकडा भरत आला आणि लाइन रिकामी व्हायला लागली. परवान्याच्या विमानाचं हेच दुखणं आहे: आपल्या हवाई दलाची मागणी संपली की कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. आपल्या पैशाने आणि आपल्या गरजांप्रमाणे जे विमान घडलं, कॅनार्ड म्हणजे पुढचे छोटे पंख आणि वळते नोझल यांच्यासह, त्यावर बेतलेली 18 विमानं मलेशियाने 2003 मध्ये मागवली, नंतर अल्जीरियानेही घेतली. ती विकली रशियाने. ओझरला तो धंदा करता येत नव्हता.

नेमकं तेव्हाच आमच्यावर दुसरा घाव बसला. आम्हाला काम देणाऱ्या एका मधल्या कंपनीने (नाव घेत नाही, नाशिकमध्ये ओळखतात) आमचे ब्रॅकेट काढून एल-वनवाल्याला, म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणाऱ्याला दिले. तो पार्ट जवळपास तयार अवस्थेत बाहेरून आणायचा, दोन भोकं पाडायचा, अ‍ॅनोडाइझ करून ‘स्वदेशी’ लिहायचा. आमची बिलं मात्र तशीच अडकली. दोन मशीनं विकावी लागली. अण्णा तेव्हा आजारी होते, त्यांना सांगितलं नाही.

हे होऊ शकतं, कारण स्वदेशी टक्का किमतीवर मोजतात. 2020च्या संरक्षण खरेदी नियमांत स्वदेशी डिझाइनच्या वर्गाला किमान 50 टक्के लागतो. पण जोडणीची मजुरी, नफा, चाचणी सगळं त्या टक्क्यात बसतं. टक्का खरा की फुगवलेला हे कळायला मी दोनच कागद मागतो: मालाचं मिल सर्टिफिकेट, त्यावर हीट नंबर कुणाच्या भट्टीचा आहे ते, आणि ड्रॉइंगवर बदल मंजूर करणारी सही कुणाची. दुसरा कागद कुणी दाखवत नाही.

ब्राह्मोसचं बघा. 1998 पासून रशियाशी भागीदारी, म्हणून निर्यातीच्या निर्णयात आपलाही आवाज. 2022 मध्ये फिलिपिन्सशी सुमारे 37.5 कोटी डॉलरचा करार झाला. ते क्षेपणास्त्र पोटाखाली लावायला बदललेलं सुखोई जून 2016 मध्ये आमच्या ओझरलाच उडालं होतं. तेच विमान विकायचं म्हटलं तर हात बांधलेले.

आता तेजस मार्क-1ए. डिझाइन आपलं, नाशिकच्या लाइनवरचं पहिलं 17 ऑक्टोबर 2025 ला उडालं. पण इंजिन अमेरिकेचं. 2021 मध्ये 99 इंजिनं मागवली, पहिलं मार्च 2025 मध्ये हाती आलं. विमानं इंजिनाची वाट बघत राहिली. तुर्कस्तानने तर याहून वाईट भोगलं: पाकिस्तानला 30 टी-129 हेलिकॉप्टरं विकायचा करार केला, इंजिनात अमेरिकी हिस्सा असल्याने परवानगीच आली नाही आणि सौदा मोडला. कोरियाने धडा घेतला. त्यांच्या के-9 तोफेत जर्मन इंजिन होतं, म्हणून निर्यातीसाठी त्यांनी स्वतःचं इंजिन बनवायला घेतलं.

नवीन पोरं विमानाच्या कामात उतरायचं म्हणतात तेव्हा मी सांगतो: एकाच प्रोग्रामवर निम्म्याहून जास्त धंदा ठेवू नका, मोटारीचं काम चालू ठेवा, आणि अ‍ॅडव्हान्सशिवाय टायटॅनियमला हात लावू नका. सध्या आमच्याकडे तेजसच्या असेंब्लीचे फिक्स्चर आहेत. एका ब्रॅकेटला वजन कमी करायची सूचना आम्ही पाठवली, बदलाची फाइल बेंगळुरूला गेली आहे. मॉस्कोला नाही. उत्तर अजून आलेलं नाही.